न्हाणीघराच्या उताराबाबत

तहसील कचेरीच्या समोर माझं टायपिंगचं दुकान आहे. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आणि त्या बाकड्यावर कायम कोणीतरी. पानाला पन्नास रुपये. मजकूर तुमचा, शुद्धलेखन माझं, आणि अक्कल कोणाचीच नाही, कारण अक्कल असती तर निम्मे कागद लिहायची वेळच आली नसती. हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगते. तरी येतात.

भाऊ कर्णिक पहिल्यांदा आले ते मागच्या मार्गशीर्षात. साडेदहाला दुकान उघडायचं आणि हे सव्वादहापासून शटरसमोर उभे, हातात पिशवी, पिशवीत फाईल. भाऊ एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या पत्राला आवक क्रमांक, जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक, शिक्का, तारीख, पोच. हजारो पत्रं त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यातलं एकही त्यांनी लिहिलेलं नव्हतं. हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना खालच्या फरशीकडे बघत होते.

"विनिता, मला एक पत्र पाठवायचं आहे. स्वतःच्या सहीचं," ते म्हणाले.

कोणी लग्नाचं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

गोष्ट अशी होती. भाऊ आणि त्यांची बायको माई तीस वर्षं भिवंडी गावात भाड्याच्या जागेत राहिले. तिथल्या न्हाणीघरात पाणी तुंबायचं. सहा वर्षांपूर्वी माई त्या पाण्यात घसरल्या, डावा हात मोडला, आणि तो आजही खांद्याच्या वर जात नाही. निवृत्तीच्या पैशातून भाऊंनी गावाबाहेर शेलारला दोन गुंठे घेतले आणि घर बांधायला काढलं. सगळं घर तुमच्या मनासारखं बांधा, माई म्हणाल्या होत्या, मला फक्त एक न्हाणीघर द्या ज्यात पाणी थांबत नाही. तेवढीच त्यांची अट. ती पुरी झाल्याशिवाय त्या नव्या घरात पाऊल टाकणार नव्हत्या.

आणि झालं काय, तर न्हाणीघराचा उतार उलटा झाला. जाळी कोपऱ्यात आणि उतार दाराकडे. तांब्याभर पाणी ओतलं की ते जाळीकडे पाठ फिरवून उंबऱ्यावरून बाहेर, पॅसेजमधून थेट देवघरापर्यंत.

"कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"लिंबू सोडलं," भाऊ म्हणाले. "जाळीजवळ ठेवलं. गणपतीसमोर जाऊन थांबलं."

भाऊंनी कंत्राटदाराला तीनदा तोंडी सांगितलं होतं. तीनदा उत्तर आलं, "होऊन जाईल, भाऊ." हे उत्तर भिवंडीत रस्त्यांपासून लग्नांपर्यंत सगळ्याला चालतं. पण करारात पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे ठरलेले. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा असे चार टप्पे भाऊंनी वेळच्या वेळी दिले. पाचवा टप्पा फरशी आणि न्हाणीघर, एक लाख साठ हजार. तो मागायला कंत्राटदार आला, आणि भाऊंनी ठरवलं की आता कागदावर बोलायचं.

तसा मसुदा त्यांनी स्वतःच आणला होता, आणि खरं सांगते, मी वकिलांचेही मसुदे टाईप करते, पण इतका सरळ क्वचितच बघितला. पाचव्या टप्प्याची रक्कम नाकारत नसून रोखून ठेवत आहे. दोष दोन: न्हाणीघराचा उतार जाळीच्या विरुद्ध दिशेला, आणि पॅसेजच्या भिंतीवर दोन ठिकाणी गिलावा पोकळ वाजतो. अभियंता सागर यांनी अमुक तारखेला लेव्हल लावून पाहणी केली, अहवाल सोबत जोडला आहे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करावी. दुरुस्तीनंतर अभियंत्यासमोर संयुक्त पाहणी करून समाधान झाल्यास सात दिवसांच्या आत पूर्ण रक्कम देण्यात येईल. रंगकाम चालू ठेवण्यास हरकत नाही. करार रद्द करण्याचा कोणताही हेतू नाही.

खाली, सरकारी सवयीने, "प्रत माहितीसाठी": एक अभियंत्याला, एक सौ. माईंना, एक संचिकेला.

"माईंना प्रत कशाला? त्या तुमच्याच घरात राहतात," मी म्हटलं.

"संबंधितांना प्रत द्यावी लागते."

मी पुढे टाईप करत गेले आणि वर संदर्भाच्या ओळीशी अडले. संदर्भ एक: बांधकाम करारनामा. ते ठीक. संदर्भ दोन: "सौ. यांची तोंडी विनंती, दि. १४ जुलै २०१२."

"भाऊ, हे काय? दोन हजार बारामध्ये तुमच्याकडे प्लॉटसुद्धा नव्हता. कंत्राटदाराच्या पत्रात याचं काम काय? काढते मी."

"काढू नकोस," भाऊ म्हणाले. एवढंच. आवाज चढला नाही, पण मी काढलं नाही. पानाला पन्नास रुपये घेणाऱ्या बाईने किती वाद घालायचा?

पत्र तयार झालं, तीन प्रती जास्त निघाल्या. भाऊंनी आपल्या वहीत जावक क्रमांक एक टाकला. वहीचं पहिलंच पान. मग पोस्टात गेले, स्पीड पोस्ट, पोचपावतीसह. खरं तर कंत्राटदार रोज संध्याकाळी त्याच साइटवर भाऊंच्या शेजारी खुर्ची टाकून चहा पीत असे. हातात देता आलं असतं. पण हातात दिलेल्या पत्राला जावक नसतं, आणि जावक नसलेलं पत्र भाऊंच्या लेखी गेलेलंच नसतं.

चौथ्या दिवशी दुकानाच्या दारात मोटरसायकल थांबली आणि केसरीमामा आत आले. केसरीनाथ म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ, खारबावचा, बांधकाम कंत्राटदार. हातात भाऊंचं पाकीट. मी मनात म्हटलं, विनिता, आता तोंड सांभाळ.

"विने, मना एक पत्र आलाय," मामा म्हणाले. "सरकारी भाषेत हाय. वाचून दाव जरा."

माझ्याच टाईपचं पत्र मी मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा धंद्याचा धर्म. त्यामुळे पहिल्यांदाच बघतेय असं तोंड केलं, आणि "रोखून ठेवत आहे" तिथे "अरेरे" सुद्धा म्हटलं.

"रोज माज्यासंगं चा पितोय तो मानूस," मामा म्हणाले. "काल सुद्धा बिस्किटा दिली मना. आनि पैशे अडवलेन."

"अडवले नाहीत मामा, रोखून ठेवलेत. दुरुस्ती केली की सात दिवसांत देणार, असं लिहिलंय."

"पन उतार बराबर हाय."

"खरंच?"

मामा खाली बसले आणि खरं बोलले. फरशी बसवणारा चिंधू गेली पाच वर्षं वडप्याला गोदामांची फरशी करत होता. गोदामात पाणी शटरबाहेर काढायचं असतं, म्हणून उतार नेहमी दाराकडे. चिंधूने भाऊंच्या न्हाणीघरातही सवयीने तेच केलं. चार बाय सहाच्या न्हाणीघराला चिंधूने गोदाम समजलं, आणि मामा त्या दिवशी कोणाच्या तरी हळदीला होते.

"मग सांगा ना भाऊंना, चूक झाली म्हणून."

"चूक झाली तर तोडावा लागंल. तोडला तर खालचा वॉटरप्रूफिंग पन जाल. पुना करा, पुना पानी भरून दोन दिस ठेवा. आनि चिंधूची मजुरी परत कोन देल? मी आपला पत्राचा उत्तर पत्रानं देतो. लिव."

मग मामांनी उत्तर सांगितलं. त्यात पहिला मुद्दा असा की लिंबू लोळवणे ही चाचणी करारात नमूद नाही. दुसरा मुद्दा, लिंबू गोल असल्यामुळे ते कुठेही जाऊ शकते. तिसरा मुद्दा, संदर्भ क्रमांक दोन.

"ह्यो काय हाय?" मामांनी बोट ठेवलं. "सौ. यांची तोंडी विनंती, दोन हजार बारा. कुनाची सौ.? माजी बायको तर न्हाय गेली भाऊंकडं तकरार घेऊन?"

"तेव्हा तुमची आणि भाऊंची ओळख तरी होती का?"

"न्हवती. पन माज्या बायकोचा काय सांगू नकोस."

हे वाक्य मी उत्तरात घातलं नाही. "संदर्भ क्र. २ चा खुलासा व्हावा" एवढंच घातलं. मामांनी दात ओठ खात सही केली आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. भाऊ पोस्टाने पाठवतात म्हटल्यावर हातात देणं म्हणजे कमीपणा.

त्यानंतर आठवडाभर माझ्या दुकानाला बरे दिवस आले. भाऊ आले: "लिंबू हे साधन असून दोष हा उताराचा आहे, अभियंत्याचा लेव्हलचा अहवाल पाहावा." मामा आले: "अभियंता तुमचा आहे." भाऊ आले: "करारातील कलम नऊ अन्वये अभियंता उभयपक्षी मान्य आहे." मामा आले आणि करार घरी शोधूनही सापडत नाही म्हणून भाऊंनी माझ्याकडे ठेवलेल्या प्रतीवरून कलम नऊ झेरॉक्स करून घेऊन गेले. दर वेळी मी वाचायचे, मी टाईप करायचे, आणि दर वेळी तोंड नवं करायचे. संध्याकाळी हे दोघे शेलारला खुर्च्या टाकून चहा पीत, भाताच्या भावावर बोलत, आणि पत्राचा शब्द काढत नसत. पत्रव्यवहार चालू असताना तोंडी बोललं तर तो विषय मोडतो, असं भाऊंनी मामांना समजावलं होतं. मामांना ते पटलंही होतं. दोन शहाणी माणसं एकत्र आली की कसा वेडेपणा तयार होतो ते मी तिथे शिकले.

आणि माई? माई गावातल्या त्याच भाड्याच्या न्हाणीघरात, डाव्या हाताने भिंत धरता येत नाही म्हणून उजव्या हाताने धरून, रोज अंघोळ करत होत्या. हे आठवलं की मला दोघांच्याही पत्रांवर चहा सांडावासा वाटायचा.

शेवटी एका मंगळवारी दोघे एकाच वेळी आले. बाकड्याच्या एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला मामा. मी चहा सांगितला. भाऊंचं पत्र प्रिंटरमधून बाहेर आलं, ते मामांना उद्देशून होतं, आणि मामा तीन फुटांवर होते.

"भाऊ, द्या इथंच," मामा म्हणाले. "पोस्टाचे पैशे वाचतील."

"जावक झालेलं नाही."

"मग जावक करा नं."

"वही घरी आहे."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"बरा, मग तोंडी एक सांगा," मामा म्हणाले. "ह्यो संदर्भ दोन काय हाय? मना झोप येत न्हाय. बायकोला इचारला तर ती दोन दिस बोलत न्हाय माज्याशी."

भाऊंनी फाईलची नाडी बांधली. ती दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. "ते तुम्हाला लागू नाही, केसरीनाथ. पण पत्राला लागू आहे," असं म्हणून ते उठले, चहा अर्धा ठेवून निघून गेले. चहा टाकून जाणारा माणूस तो नव्हता.

मामा आपलं पुढचं उत्तर सांगायला बसले आणि मी "उपरोक्त विषयान्वये" एवढं टाईप केलं असेल, तेवढ्यात माई आल्या. त्या माझ्या दुकानात कधी आल्या नव्हत्या. उजव्या हातात स्पीड पोस्टाचं पाकीट.

"विनिता, हे तुझ्याकडून निघालंय ना?" त्या म्हणाल्या. "पोस्टमन चार वेळा आला. मी दर वेळी देवदर्शनाला नाहीतर बाजारात, आणि घरात हे असूनही यांनी घेतलं नाही. प्रेषकाने स्वतः घ्यायचं नसतं म्हणे. आज घेतलं. पाठवणारा आमचाच, घेणारी मी, पत्ता एकच. हे काय चाललंय?"

मामांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मामांकडे माईंची पाठ होती. मी म्हटलं, "माई, ती माहितीसाठी प्रत आहे. पण मला एक सांगा, त्यातला संदर्भ दोन काय?"

माईंनी चष्मा लावून ओळ वाचली. मग परत वाचली. मग बाकड्यावर बसल्या.

"तारीख बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी आमची ठकुबाई, भांडीवाली, न्हाणीघरात घसरली. लागलं नाही, पण मी यांना म्हटलं, मालकाला पत्र लिहा, पाणी तुंबतंय म्हणून. आमचा मालक तोंडी ऐकत नसे, लेखी द्या म्हणायचा. हे म्हणाले, लिहितो. मी त्या वर्षी विचारलं, पुढच्या वर्षी विचारलं. लिहितो, लिहितो. लोकांच्या पत्रांना नंबर देण्यात यांचा जन्म गेला, पण स्वतःच्या नावाने लिहायचं म्हटलं की हे पेन खाली ठेवायचे. साहेबांच्या सहीशिवाय पत्र असतं हेच यांना खरं वाटायचं नाही. सात वर्षं गेली. मग मी पडले." त्यांनी डावा हात मांडीवर सरळ केला. "त्यानंतर मी विषय काढला नाही आणि यांनीही नाही. मला वाटलं, विसरले असतील."

मला रडू येत होतं आणि प्रिंटरचा लाल दिवा लागला होता, म्हणून मी प्रिंटरशी झटापट केली.

केसरीमामा बाकड्याच्या दुसऱ्या टोकावरून उठले. "विने, त्यो फाड," ते म्हणाले.

"अजून काही लिहिलंच नाहीये."

"मग नगं लिवूस." आणि माईंसमोर हात जोडून म्हणाले, "माई, मी केसरीनाथ. तुमच्या न्हानीचा कंत्राटदार. उतार उलटाच हाय. मना पैल्या दिवसापासून ठाव हाय."

माईंनी पाकीट बाकड्यावर ठेवलं. "मग भाऊंना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी पोस्टानं इचारला, माई. मीबी पोस्टानंच भांडलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेलारला हातोडा सुरू झाला. मामांनी चिंधूला बोलावून न्हाणीघराची सगळी फरशी काढली, खालचं वॉटरप्रूफिंग नवं केलं, दाराशी विटांचा बांध घालून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि पलीकडच्या भिंतीला ओल येत नाही ना ते हात लावून बघत बसले. भाऊ बाहेर उभे राहून नुसते बघत. अभियंता सागर आला, ओल नाही म्हणाला, मग पुढचं काम. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतार, जाळीकडे. चिंधूला मामांनी जाळीजवळच बसवलं आणि सांगितलं, ह्यो शटर समज. तेव्हा कुठे चिंधूच्या डोक्यात उतार बसला. पॅसेजमधला पोकळ गिलावाही छिन्नी मारून काढला आणि नवा केला.

हातोडा सुरू झाल्यापासून तेराव्या दिवशी संयुक्त पाहणी झाली. दुकानाला कुलूप लावून मी गेले, कारण अर्धा पत्रव्यवहार माझाच होता. सागरने लेव्हल लावली, ठीक म्हणाला. भाऊंनी खिशातून लिंबू काढलं. मामा म्हणाले, करारात न्हाय, पन सोडा. लिंबू दाराशी ठेवलं, ते हळूहळू निघालं आणि जाळीवर जाऊन बसलं. मग माई पुढे आल्या. सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी दार लावलं, आणि आतून बादल्यांचा आवाज आला. एक, दोन, तीन. आम्ही चौघे उंबऱ्याकडे बघत उभे. उंबऱ्यावर एक थेंबही आला नाही.

माई बाहेर आल्या, भिंतीला हात न लावता.

"पाणी जातंय," त्या म्हणाल्या.

भाऊंनी तिथल्या तिथे फाईलमधून एक लाख साठ हजारांचा चेक काढला. तो त्यांनी आधीच लिहून ठेवलेला होता, फक्त तारीख घालायची होती. पत्रात सात दिवस म्हटलं असलं तरी सातव्या मिनिटाला चेक मामांच्या हातात होता. मामांनी तो खिशात घातला आणि चहाला पाणी ठेवायला सांगितलं.

मग भाऊ माईंकडे वळले. पिशवीतून संचिकेतली प्रत काढली, पेन काढलं, आणि म्हणाले, "तुझ्या प्रतीची पोच राहिली आहे."

"स्पीड पोस्टाला केली की मी सही."

"ती पोस्टाला. मला नाही."

माईंनी प्रत घेतली. भिंतीला कागद टेकवला, तिथे जिथे गिलावा आता पोकळ वाजत नव्हता, आणि कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या. भाऊंनी वाचल्या, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचल्या. मग पाठ फिरवून अंगणात गेले आणि बराच वेळ तुळशीसाठी आणलेल्या रिकाम्या कुंडीत पाणी घालत उभे राहिले.

दोन दिवसांनी ते कागद झेरॉक्सला घेऊन माझ्या दुकानात आले. "एक प्रत," म्हणाले. "घरच्या देवघरात ठेवायची आहे." मी मशीनचं झाकण उचलून कागद उलटा ठेवला, तेव्हा कोपऱ्यातलं माईंचं अक्षर दिसलं.

"पत्र मिळाले. तेरा वर्षे लागली. पण मिळाले."

त्या झेरॉक्सचे मी पैसे घेतले नाहीत. भाऊंनी तरी दोन रुपये बाकड्यावर ठेवले आणि पावती मागितली.